‘मी चप्पल मागवलो’ : शेजारणीचा रिव्ह्यू सुधारलाय, एकदा नजर टाका

कळंब्याची · शनिवार, रात्री ९:४०

आमच्या वरच्या मजल्यावर धारवाडची एक मुलगी राहते. बँकेत आहे, कोल्हापुरात येऊन दीड वर्ष झालं. मराठी बोलते अगदी बिनधास्त, भाजीवालीशी घासाघीस माझ्यापेक्षा बरी करते. लिहायला बसली की मात्र घोटाळा. गेल्या महिन्यात तिने ऑनलाइन कोल्हापुरी मागवली (हसू नका, कारण आहे) आणि आता त्या साइटवर मराठीतच रिव्ह्यू टाकणार म्हणून हटून बसली आहे. मला म्हणाली, काकू, लाल पेनाने दुरुस्त करा. मी केलं. पण काही ठिकाणी माझीच खात्री नाही, म्हणून तिला विचारून दोन्ही मजकूर इथे टाकते. त्यातल्या काकू म्हणजे मीच.

तिने लिहिलेला:

> मी हे चप्पल ऑनलाइन मागवलो. चार दिवसात आलं. बॉक्स उघडलो तर कातडं वास आलं. चप्पल रंग चांगलं आहे, पण अंगठा पट्टा खूप टाईट आहे. पहिला दिवस ऑफिसला घालून गेलो, संध्याकाळी माझं पाय फोड आलं. शेजारच्या काकू तेल लाव म्हणून सांगितली. मी चप्पलला तीन दिवस तेल लावलो, मग मऊ झालं. पाऊसमध्ये एकदा घातलो, तळ फुगलं आणि टाच शिवण उसवलं. कंपनीला मेल केलो, त्यांनी उत्तर दिलं नाही. फोटोमध्ये वेणी पट्टा दाखवलं होतं, आलेलं चप्पलला वेणी नाही. पैसा वाया गेलं. पाऊसाळा सोडून घातलं तर बरं आहे. तीन स्टार देतो.

मी सुधारलेला:

> ही चप्पल मी ऑनलाइन मागवली. चार दिवसांत आली. बॉक्स उघडला तर कातड्याचा वास आला. चपलेचा रंग चांगला आहे, पण अंगठ्याचा पट्टा खूप घट्ट आहे. पहिल्या दिवशी ऑफिसला घालून गेले, संध्याकाळी माझ्या पायाला फोड आले. शेजारच्या काकूंनी तेल लाव असं सांगितलं. मी चपलेला तीन दिवस तेल लावलं, मग ती मऊ झाली. एकदा पावसात घातली, तर तळ फुगला आणि टाचेची शिवण उसवली. कंपनीला मेल केला, त्यांनी उत्तर दिलं नाही. फोटोत वेणीचा पट्टा दाखवला होता, आलेल्या चपलेला वेणी नाही. पैसे वाया गेले. पावसाळा सोडून घातली तर बरी आहे. तीन स्टार देते.

कागद लाल झालेला बघून पोरीचं तोंड एवढंसं झालं. तिचा प्रश्न असा, की एवढ्या चुका एकेक करून लक्षात कशा ठेवायच्या? मला उत्तर देता आलं नाही. आपण कुठे शिकलो हे, आपल्याला ते येतंच.

---

पायताण_पाटील · शनिवार, रात्री ९:५२

कोल्हापुरात राहून कोल्हापुरी ऑनलाइन?? ताई, चप्पल लाईन काय बंद पडली व्हय? तिथं पायात घालून, चार पावलं चालून, कर्रकर्र वाजतंय का बघून मग पैसे द्यायचे असतात. खरी कोल्हापुरी फक्त कोल्हापुरात मिळते, बाकी सगळा माल नकली.

---

निपाणीकर · शनिवार, रात्री १०:०५

पाटील, थोडं सबुरीनं घ्या. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्र आणि कर्नाटक दोघांना मिळून. इकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडचे बेळगाव, बागलकोट, विजापूर आणि हो, धारवाड. त्या पोरीच्या जिल्ह्याचाही त्या चपलेवर तेवढाच हक्क आहे.

---

गूळभेंडी · शनिवार, रात्री १०:११

मेलला उत्तर देत नसतील तर ग्राहक आयोगाकडे जा. माझा मिक्सर असाच फोटोत तीन भांड्यांचा होता, आला दोन भांड्यांचा. मी बॉक्स उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवला होता म्हणून बदलून मिळाला. तिने व्हिडिओ काढलाय का?

---

कळंब्याची · शनिवार, रात्री १०:१५

अहो, प्रश्न चपलेचा नाही, व्याकरणाचा आहे.

---

सदाशिवपेठी · रविवार, सकाळी ८:२०

साधा नियम आहे. भूतकाळात सकर्मक क्रियापद नेहमी कर्माप्रमाणे चालतं. मी चप्पल मागवली, मी बॉक्स उघडला, मी तेल लावलं. हा कर्मणी प्रयोग एकदा पाठ केला की निम्म्या चुका संपतात. उरलेल्या लिंगाच्या, त्यांना इलाज नाही, शब्दकोश उघडायचा. आणि ‘देतो’, ‘गेलो’ हे तर बाईने लिहिणं अशुद्धच. तुम्ही ते सुधारलंत, छान केलंत. ‘तेल लाव म्हणून सांगितली’ मधलं ‘म्हणून’ काढलंत तेही योग्य, ते कानडी वळण आहे.

---

मोडीवाला · रविवार, सकाळी ११:३५

हुबळीत अकरा वर्षं नोकरी केली, घरमालकाच्या आईने मला कन्नड शिकवलं, त्यामुळे या पोरीच्या डोक्यात काय चाललंय ते मला जवळून दिसतंय. कळंब्याच्या ताईंनी सुधारलेलं बरोबरच आहे. पण लाल रेघा मोजण्यापेक्षा त्या कुठून आल्या ते बघितलं, तर चुका पंचवीस-तीस नाहीत, तीनच आहेत. त्याच पुन्हा पुन्हा आल्या आहेत.

पहिली. कन्नडमध्ये ‘नानु चप्पलि तगोंडे’. इथे क्रियापद ‘नानु’ला, म्हणजे मला धरून चालतं. काय घेतलं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ती तेच मराठीत आणते, म्हणून ‘मागवलो, उघडलो, लावलो, घातलो, केलो’. आणि काकूंचं ‘सांगितली’ही त्यातलंच. तिला वाटलं काकू बाई, म्हणून क्रियापद स्त्रीलिंगी. एकूण सहा ठिकाणं झाली, मूळ एकच.

दुसरी. कन्नडमध्ये माणसं सोडली तर वस्तूंना पुल्लिंग-स्त्रीलिंग नाही, सगळं नपुंसक. ‘चप्पलि चेन्नागिदे’, म्हणजे चप्पल चांगलं आहे. म्हणून हिच्या लेखी वास, रंग, तळ, शिवण, पट्टा, पैसा सगळं ‘ते’. तिचं वाचून बघा, एकही वस्तू चुकून ‘तो’ किंवा ‘ती’ झालेली नाही. ही गोंधळलेली मुलगी नाही, ती एकाच नियमाने चालली आहे. नियम फक्त दुसऱ्या भाषेचा आहे.

तिसरी म्हणजे सामान्यरूप. ‘कातडं वास’, ‘टाच शिवण’, ‘चप्पलला’, ‘पाऊसमध्ये’. प्रत्यय लागायच्या आधी मराठी शब्द वाकतो, हेच तिला दिसत नाहीये.

आता सदाशिवपेठी, तुमच्या ‘नेहमी’बद्दल. ‘मी मराठी शिकलो.’ मराठी स्त्रीलिंगी आहे, तुम्ही ‘मी मराठी शिकली’ म्हणता का? ‘मी तुझं नाव विसरलो’, ‘मी पाणी प्यालो’, ‘तो असं म्हणाला’. कर्म असूनही क्रियापद कर्त्याकडेच राहतं अशी मोजकी क्रियापदं आहेत, पण ती रोजच्या वापरातली आहेत. ‘नेहमी’ शिकवलंत तर ती उद्या ‘मी तुझं नाव विसरलं’ लिहील आणि तुमच्या नियमाप्रमाणे बरोबर असेल.

आणि कर्माला ‘ला’ लागला की क्रियापद कुणाचंच ऐकत नाही, नपुंसकात जाऊन बसतं. ‘मी काकूंना विचारलं.’ काकूंनाही नाही, मलाही नाही. तिला हे सगळ्यात सोपं जाईल, कारण नपुंसक तिच्या घरचंच आहे.

---

सदाशिवपेठी · रविवार, सकाळी ११:५८

शिकणे-विसरणे मान्य. घाईत लिहिलं. पण लिंगाचं काय? ते पाठच करावं लागतं ना?

---

मोडीवाला · रविवार, दुपारी १:१०

बरंचसं, हो. पण शब्दाला ‘तो की ती’ चिकटवून पाठ करू नये. अनेकवचन चिकटवून करावं.

ज्या शब्दांचा शेवट सांगून जातो ते सोडा. पट्टा, अंगठा बहुतेक ‘तो’. वेणी, पिशवी बहुतेक ‘ती’. कातडं ‘ते’. पाणी ‘ते’ असतं, घोडं तिथे अडतं, पण असे थोडे. खरा त्रास देतात ते शेवटी व्यंजन ऐकू येणारे. चप्पल, टाच, शिवण, रंग, तळ, दुकान. चेहऱ्यावरून काहीच कळत नाही. त्यांचं अनेकवचन करा.

एक रंग, दोन रंग. शब्द बदलला नाही, तर ‘तो’. एक दुकान, दोन दुकानं, तर ‘ते’. एक चप्पल, दोन चपला. एक शिवण, दोन शिवणी. ‘आ’ किंवा ‘ई’ आली, तर ‘ती’.

आता गंमत बघा. ‘ती’ शब्दाचं सामान्यरूपही इथेच फुकट मिळतं. अनेकवचनात ‘आ’ असेल तर प्रत्ययाआधी ‘ए’ येतो: चपला, चपलेला. टाचा, टाचेला. अनेकवचनात ‘ई’ असेल तर ‘ई’च राहते: शिवणी, शिवणीला. भिंती, भिंतीला. ‘तो’ आणि ‘ते’ दोघांना ‘आ’: रंगाला, दुकानाला. म्हणजे तिने वहीत ‘चप्पल, चपला’ एवढी एकच जोडी लिहिली, तरी ‘ही चप्पल’ही आलं आणि ‘चपलेचा रंग’ही आलं. दोन लाल रेघा एका जोडीत गेल्या.

कुठे चालत नाही तेही सांगतो. ज्याचं अनेकवचन कुणी बोलतच नाही तिथे ही युक्ती मुकी होते. वास, राग, पाऊस. दोन पाऊस कोण म्हणतं? तिथे आख्खं वाक्यच लक्षात ठेवायचं, ‘पाऊस पडला’, ‘वास आला’. पाऊसचं ‘पावसात’ होताना ऊचा व होतो, ते वेगळं शिकावं लागेल. चप्पलमधला जोड प सुटून ‘चपलेला’ होतं, तेही.

---

धारवाडपेढा · रविवार, दुपारी ३:२६

नमस्कार. मीच ते मुलगी. काकू लिंक पाठवल्या. सगळं वाचलो. म्हणजे वाचलं? धागा वाचला. (धागा तो आहे, शेवटी आ.)

ऑनलाइन का घेतली सांगते. माझं पाय मोठं आहे. माझे पाय मोठे आहेत. नऊ नंबर. दोन दुकानात गेलो, बायकांच्या चपलेत नऊ नाही म्हणाले, जेंट्सची घ्या म्हणाले. जेंट्सची मला नको होती, मला वेणीची पाहिजे होती.

मोडीवाला सर, तुम्ही लिहिलं ते वाचून खूप बरं वाटलं. मला वाटलं होतं मी मूर्ख आहे.

अनेकवचन करून बघते, चुकलं तर सांगा:
वीट, विटा, विटेला.
जीभ, जिभा, जिभेला.
बँक, बँका, बँकेला.
बहीण, बहिणी, बहिणीला.

एक शंका आहे. इथे ऑफिसात शिपाई मावशी, कॅन्टीनची ताई, सगळ्या बायका ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात. मी त्यांच्याकडूनच शिकलो. ते चूक आहे का?

---

पायताण_पाटील · रविवार, दुपारी ३:४०

अजिबात चूक न्हाई! आमची आई, आज्जी, बहिणी सगळ्या ‘मी आलो’, ‘मी जेवलो’च म्हणतात. ‘मी गेले’ म्हणाली की समजायचं पाहुणी पुण्याची हाय. लई भारी शिकलीस बघ तू, खरी कोल्हापूरकर झालीस.

(आणि नऊ नंबरसाठी सॉरी. माप देऊन बनवून घ्यायची, कागदावर पाय ठेवून पेन्सिलीनं आखून घेतात.)

---

मोडीवाला · रविवार, दुपारी ४:१५

पेढा, चारी जोड्या बरोबर. यातली एकही मी सांगितलीसुद्धा नव्हती.

‘मी आलो’बद्दल मी पाटलांच्या बाजूने. आणि हे तिला पटकन का जमलं तेही उघड आहे. कन्नडमध्ये ‘नानु होदे’ बाप्या म्हणो की बाई, एकच. तिला घरी सवय होती, इथे कोल्हापूरच्या बायकांनी तीच सवय मराठीत दिली. तिने ‘मी गेलो’ लिहिलं ती चूक नव्हे, ते इथलं मराठी. पण ‘मी चप्पल मागवलो’ ही वेगळी गोष्ट आहे, तिथे कोल्हापूरची आज्जीही ‘चप्पल मागवली’च म्हणेल. लाल पेनाला या दोन्ही सारख्याच दिसतात, तिथेच घोळ होतो.

‘म्हणून’बद्दलही सांगतो. ‘तेल लाव म्हणून सांगितलं.’ कन्नडमध्ये ‘एण्णे हच्चु अंत हेळिदरु’. हो, वळण एकच आहे. पण ते तिने आणलेलं नाही, आपल्याकडे आधीपासून आहे. आपण सगळे ‘येतो म्हणून सांगून गेला’ म्हणतोच. ताई, ते तुम्ही उगाच बदललंत. चूक फक्त ‘काकू सांगितली’मध्ये होती.

---

सदाशिवपेठी · रविवार, सायंकाळी ५:०२

बोलीत ठीक. पण रिव्ह्यू नागपूर-नाशिकचे लोकही वाचणार. खाली बाईचं नाव आणि वर ‘गेलो’, ‘देतो’, लोकांना वाटेल नवऱ्याने लिहिलाय किंवा तिला मराठी येत नाही. छापील मराठीत ‘गेले’, ‘देते’च हवं.

---

निपाणीकर · रविवार, सायंकाळी ५:३०

चपलेचा रिव्ह्यू आहे हो, दिवाळी अंक नाही.

पण मला वेगळंच खटकलं. ताईंनी ‘टाईट’चं ‘घट्ट’ केलं. ती चूक होती का? कोल्हापुरात कोण म्हणतं चप्पल घट्ट आहे? चप्पल टाईट तरी असते, नाहीतर चावते. ‘नवी चप्पल चावली’ एवढं म्हटलं की फोड, अंगठा, पट्टा सगळं आलं. शिकणाऱ्याला चूक दाखवणं वेगळं आणि आपली आवड घुसवणं वेगळं.

---

कळंब्याची · रविवार, सायंकाळी ६:१०

मान्य. ‘टाईट’ परत आणते. ‘म्हणून’ही. माझ्या शाळेच्या बाई आडव्या येतात मधे मधे.

---

पायताण_पाटील · रविवार, सायंकाळी ६:२५

मी एक सोपा उपाय सांगू का? चप्पल म्हणूच नको. पायताण म्हण. पायताण म्हणजे ते! ‘हे पायताण मागवलं. चार दिवसांत आलं. तेल लावल्यावर मऊ झालं. पावसाळा सोडून घातलं तर बरं आहे.’ तिचं अर्धं लिखाण आपोआप बरोबर. नाद खुळा!!

---

मोडीवाला · रविवार, सायंकाळी ६:४१

पाटील, हे खरोखर डोक्यात आलं नव्हतं. ‘आलं’, ‘मऊ झालं’, ‘बरं आहे’ जसंच्या तसं बसतं. ‘पायताणाला तेल लावलं’ म्हणताना एक ‘आ’ घातला की झालं, जोड अक्षराचं झंझटही नाही. वास, तळ आणि शिवण मात्र तशाच राहतील, त्यांना पायताण वाचवत नाही. आणि ‘मागवलो’ तर अजिबात नाही.

---

सदाशिवपेठी · रविवार, सायंकाळी ६:५५

आमच्याकडे पायताण फक्त मारायच्या गोष्टीत येतं. खरेदीच्या नाही. शिवाय त्या साइटवर लोक ‘चप्पल’ शोधतात.

---

धारवाडपेढा · रविवार, रात्री ९:१८

😄 पायताण मला आवडलं. पण चप्पलच लिहिते, नाहीतर मी कधीच शिकणार नाही.

दुसरा ड्राफ्ट केला. काकूंचा बघितला नाही, वही बंद करून लिहिला:

> ही चप्पल मी ऑनलाइन मागवली. चार दिवसांत आली. बॉक्स उघडला तर कातड्याचा वास आला, तो मला आवडला. चपलेचा रंग चांगला आहे, पण अंगठ्याचा पट्टा टाईट आहे. पहिल्या दिवशी ऑफिसला घालून गेलो, चप्पल चावली, दोन फोड आले. शेजारच्या काकूंनी तेल लाव म्हणून सांगितलं. तीन दिवस खोबरेल तेल लावलं, मग मऊ झाली. एकदा पावसात भिजली, तळ फुगला, टाचेची शिवण उसवला. फोटोत वेणीचा पट्टा होता, आलेल्या चपलेला वेणीच नाही. कंपनीला मेल केली, उत्तर नाही. पाऊस नसेल तेव्हा घालायला बरी आहे. तीन स्टार देतो.

‘पैसे वाया गेले’ काढलं. शिवण मी शंभर रुपयाला शिवून घेतली, आता रोज घालते, म्हणजे वाया नाही गेले.

‘गेलो’ आणि ‘देतो’ मुद्दाम ठेवले.

---

मोडीवाला · रविवार, रात्री ९:४४

शिवण उसवली. एक शिवण, दोन शिवणी. एवढी एकच चूक, आणि खाली ‘शिवण शिवून घेतली’ तुम्हीच बरोबर लिहिलंय. लक्ष चपलेवर होतं तेव्हा बरोबर आलं, व्याकरणावर होतं तेव्हा चुकलं.

---

कळंब्याची · रविवार, रात्री ९:५०

‘मेल केली’? मी ‘केला’ केलं होतं.

---

निपाणीकर · रविवार, रात्री ९:५३

आमच्या ऑफिसात ‘मेल आली’.

---

सदाशिवपेठी · रविवार, रात्री ९:५५

‘मेल आला’. निरोप आला, संदेश आला, तसा.

---

निपाणीकर · रविवार, रात्री ९:५८

चिठ्ठी आली तशी आली. अनेकवचन करा, मोडीवाल्यांची युक्ती. ‘दोन मेल आले’ की ‘दोन मेल आल्या’?

---

मोडीवाला · रविवार, रात्री १०:०६

दोन्ही ऐकलंय. बाहेरून आलेला शब्द जिथे उतरला तिथलं लिंग घेतो, हा अजून स्टेशनवरच उभा आहे. ‘बॉक्स’चंही तेच, माझी बायको ‘बॉक्स उघडलं’ म्हणते. पेढा, या दोन्हींवर कुणी लाल रेघ मारली तर मारणाऱ्याला मारू द्या.

---

गूळभेंडी · रविवार, रात्री १०:२०

ते सगळं ठीक, पण कंपनीचं उत्तर आलं का? वेणीची दाखवून बिनवेणीची पाठवलीय हो. फोटो जोडून टाका रिव्ह्यूला.

---

धारवाडपेढा · रविवार, रात्री १०:३१

जोडला. फोटो जोडला. (एक फोटो, दोन फोटो.)

उत्तर अजून आलं नाही. पुढच्या शनिवारी पाटील दादांनी सांगितलं तसं कागदावर पाय आखून चप्पल लाईनला जाणार आहे, काकू बरोबर येणार आहेत.